डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?

डोकेदुखीची तक्रार घेऊन कुणी समोर बसलं की मी आधी ‘कुठे दुखतं’ असं विचारत नाही. ‘दुखायला लागलं की तुम्ही काय करता,’ असं विचारते. उत्तरं साधारण दोन तऱ्हेची येतात. काही जण म्हणतात, बाम चोळतो, चहा घेतो आणि कामाला लागतो. दुखत असतं, पण ढकलतो दिवस. दुसऱ्या तऱ्हेचं उत्तर बहुतेक वेळा बाईकडून येतं. ‘खिडक्या लावून घेते, ओढणी कपाळाला करकचून बांधते आणि पडून राहते. पोरांनी टीव्ही लावला तरी सहन होत नाही. फोडणीचा वास आला तरी मळमळतं.’ पहिल्या उत्तरामागे बहुधा ताणाची डोकेदुखी असते, दुसऱ्यामागे मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी.

या एका प्रश्नाला इतकं महत्त्व द्यायचं कारण म्हणजे दुखण्याची जागा फार फसवते. अर्धशिशीत अर्धंच डोकं दुखायला हवं अशी पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात मायग्रेनच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे चौघांचं डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं. काहींचं मानेपासून सुरू होतं, काहींचं डोळ्याच्या मागे. त्यामुळे ‘माझं तर सगळंच डोकं दुखतं, मग अर्धशिशी कशी असेल’ असं म्हणत कित्येक जण वर्षानुवर्षं चुकीचे उपचार घेत राहतात.

डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या दोन दुखण्यांची लक्षणं नेमकी बांधून दिली आहेत. ताणाच्या डोकेदुखीत डोक्याभोवती घट्ट पट्टी आवळल्यासारखं किंवा डोक्यावर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना दुखतं, ते सौम्य किंवा मध्यम असतं आणि जिना चढल्याने, चालल्याने वाढत नाही. उलटी होत नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट थोडी खटकेल, दोन्ही एकदम नाही. हे दुखणं अर्ध्या तासात थांबतं किंवा आठवडाभरही रेंगाळतं. मायग्रेनमध्ये डोकं ठणकतं, कानशिलं उडतात, दुखणं मध्यम ते तीव्र असतं आणि साधी हालचाल केली, वाकून चप्पल घातली, तरी वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. औषध न घेतल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. असे निदान पाच झटके येऊन गेले असतील तर मायग्रेन म्हणायचं, असा नियम आहे. एखाद्या डोकेदुखीवरून कुणावर हा शिक्का मारता येत नाही.

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड लिप्टन यांनी २००३ साली फक्त तीन प्रश्नांची एक चाचणी तपासून पाहिली आणि ती आज जगभर वापरली जाते. डोकं दुखताना मळमळतं का? उजेडाचा त्रास होतो का, म्हणजे एरवी होतो त्यापेक्षा फार जास्त? गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे निदान एक दिवस तरी काम, अभ्यास किंवा घरचं आवरणं थांबलं का? तिन्हींपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर मायग्रेनची शक्यता फार मोठी. या तिन्ही प्रश्नांत ‘कुठे’ हा शब्द नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडे मायग्रेनला सर्वांत जास्त झाकून ठेवलं आहे ते ‘पित्ता’ने. ‘माझं पित्ताचं डोकं आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात कोणत्याही दवाखान्यात रोज ऐकू येतं. उपवास केला, जेवायला उशीर झाला, उन्हातून आले, जागरण झालं की डोकं चढतं, मळमळतं, शेवटी पिवळी कडू उलटी होते आणि मग बरं वाटतं. हे वर्णन पोटाच्या आजाराचं वाटलं तरी ते मायग्रेनचं पाठ्यपुस्तकी वर्णन आहे. झटका सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते. पोटातलं पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ होते आणि वारंवार उलट्या झाल्यावर शेवटी हिरवं-पिवळं पित्त बाहेर पडतं. ते डोकेदुखीच्या मागोमाग येतं, तिला कारण ठरत नाही. उलटीनंतर बरं का वाटतं? अनेकांमध्ये उलटी झटक्याच्या शेवटच्या टप्प्यात होते, त्यानंतर थकून झोप लागते आणि उठेपर्यंत झटका ओसरलेला असतो. श्रेय मात्र उलटीला मिळतं. म्हणून मिठाचं पाणी पिऊन किंवा घशात बोटं घालून मुद्दाम उलटी काढणारे लोक आहेत. त्याने झटका लवकर थांबत नाही, आणि घेतलेली गोळी मात्र बाहेर पडते. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही ‘पित्ताचं डोकं’ थांबत नाही, याचं कारणही हेच.

सायनसचं तसंच. मायग्रेनचं दुखणं चेहऱ्याच्या ज्या मोठ्या नसेतून येतं तिच्याच फांद्या कपाळ, गाल आणि डोळ्यांभोवती पसरलेल्या असतात. ती नस चेतवली गेली की प्रतिक्षेप म्हणून नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. साहजिकच रुग्णाला सायनस वाटतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या किंवा तसं निदान झालेल्या जवळजवळ तीन हजार लोकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या लक्षणांत बसली. खऱ्या सायनसच्या दुखण्यात बहुधा नाकातून घट्ट, पिवळा-हिरवा स्राव येतो, वास कळेनासा होतो आणि कधी ताप असतो. दर महिन्याला येणारं आणि दोन दिवसांत आपोआप जाणारं दुखणं सायनसचं असण्याची शक्यता फार कमी.

मानेचा पट्टा बांधून फिरणाऱ्या माणसांपैकीही काही जण मुळात मायग्रेनचे रुग्ण असतात. मानेच्या वरच्या भागातल्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे मायग्रेनमध्ये मान दुखणं अगदी नेहमीचं आहे. चाळिशीत मानेचा एक्स-रे काढला तर मणक्यांची थोडीबहुत झीज अनेकांना दिसते, ज्यांना काहीच दुखत नाही त्यांनाही. ती झीज दाखवून डोकेदुखीचं कारण सापडलं असं मानणं घाईचं आहे. चष्म्याच्या नंबराबद्दल एवढंच सांगते: नंबर चुकला असेल तर संध्याकाळी डोळे आणि कपाळ जड होतं, पण त्यामुळे कुणी उलट्या करत अंधाऱ्या खोलीत पडत नाही.

ताणाच्या डोकेदुखीची ओळख पटवणं सोपं, पण तिच्या नावाने घोटाळा होतो. नाव ऐकून लोकांना वाटतं, मनावर ताण आहे म्हणून दुखतं, म्हणजे दुखणं मनाचं. मानसिक ताण तिला चेतवतो हे खरं, पण मायग्रेनलाही तो तितकाच चेतवतो. ताणाच्या डोकेदुखीत तपासताना सापडतं ते वेगळं असतं. कानशिलावरचे, जबड्याचे, मानेच्या मागचे आणि खांद्यावरचे स्नायू बोटांनी दाबले की दुखतात. एकाच जागी मान खाली घालून तासन्‌तास बसणं, अपुरी झोप, दात आवळायची सवय, चुकलेलं जेवण, कमी पाणी, अशा साध्या गोष्टींतून हे दुखणं दुपारनंतर चढत जातं. पुरुषांत आणि स्त्रियांत ते थोड्याफार फरकाने सारखंच आढळतं. मायग्रेन मात्र स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट जास्त आहे, आणि पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत ते हमखास गाठतं, कारण त्या वेळी इस्ट्रोजेन झपाट्याने उतरलेलं असतं. बेंगळुरू आणि त्याच्या आसपासच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीत दर चार प्रौढांमागे एकाला वर्षभरात मायग्रेन झालेला आढळला, आणि ताणाची डोकेदुखी त्याहूनही जास्त जणांना.

खरी पंचाईत होते ती एकाच माणसाला दोन्ही दुखणी असतात तेव्हा, आणि हे फार सर्रास घडतं. एक उदाहरण घेऊन पाहू. ही बाई म्हणजे अनेक रुग्णांच्या हकिगती एकत्र करून मी उभी केलेली व्यक्ती आहे, पण तिच्यासारख्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. वय ३४, तालुक्याच्या गावी शिक्षिका, दोन मुलं. तक्रार अशी: ‘मॅडम, माझं डोकं रोजच दुखतं.’ रोज म्हणजे किती, हे तिला सांगता येत नव्हतं. म्हणून तिला एक साधी वही करायला सांगितली. तारीख, दुखणं किती वाजता सुरू झालं आणि कधी थांबलं, ठणकत होतं की आवळल्यासारखं, मळमळ-उजेडाचा त्रास होता का, पडून राहावं लागलं का, कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि पाळीचे दिवस. बस, एवढेच रकाने.

महिन्यानंतर वही उघडली तेव्हा डोकेदुखीचे ११ दिवस निघाले. त्यांतल्या सहा दिवशी दुखणं दुपारी चारच्या पुढे सुरू झालं होतं. उत्तरपत्रिका तपासायचे दिवस होते ते. डोकं आवळल्यासारखं, मळमळ नाही, स्वयंपाक नेहमीप्रमाणे केलेला, झोपेपर्यंत थांबलेलं. उरलेले पाच दिवस मात्र तीन झटक्यांचे होते. एक एकादशीला, सकाळपासून नुसत्या चहावर राहिल्यावर. एक पाळीच्या आदल्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपलेला. तिसरा भर दुपारच्या लग्नाहून आल्यावर, तोही दुसऱ्या दिवसापर्यंत चाललेला. या पाचही दिवशी तिने लिहिलं होतं, ‘पडून होते.’ दोनदा उलटी. लग्नाच्या नोंदीपुढे आणखी एक ओळ होती: आदल्या संध्याकाळपासून सारख्या जांभया येत होत्या, मान आखडली होती आणि गोड खावंसं वाटत होतं.

ती ओळ फार मोलाची होती. मायग्रेनचा झटका डोकं दुखायच्या कितीतरी तास आधी मेंदूत सुरू झालेला असतो. जांभया, चिडचिड, मान आखडणं, वारंवार लघवीला होणं, विशिष्ट काहीतरी खाण्याची ओढ, ही त्याची पूर्वसूचना असते. त्यामुळे कारण आणि लक्षण यांची अदलाबदल सहज होते. ‘मी चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं’ असं वाटतं, पण पुष्कळदा झटका येऊ घातलेला असतो म्हणून चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं. म्हणून ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशी लांबलचक यादी मी कुणाच्या हातात देत नाही. वहीत एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा झटक्याआधी दिसली तरच तिच्याकडे बोट दाखवावं. या बाईच्या बाबतीत उपाशी राहणं, ऊन आणि पाळी एवढी तीनच नावं समोर आली.

वहीतला गोळ्यांचा रकाना सर्वांत काळजीचा होता. डोकं ११ दिवस दुखलं होतं आणि गोळ्या १३ दिवशी घेतलेल्या होत्या. दोन दिवशी ‘दुखेल म्हणून’ आधीच. गोळी एकच, औषधांच्या दुकानातून मिळालेली, वेदनाशामक आणि कॅफीन एकत्र असलेली. शिवाय मोठ्या झटक्यात ती गोळी उशिरा घेतली जायची, कारण आधी ‘पित्त पडतंय का’ याची वाट पाहिली जायची. म्हणजे ज्या दुखण्याला गोळीची फारशी गरज नव्हती तिथे ती लगेच पोटात जात होती, आणि जिथे वेळेवर हवी होती तिथे उशीर होत होता.

आता दिलाशाबद्दल, दोन्हींचा वेगवेगळा. ताणाच्या डोकेदुखीला आधी उठून चालावं. दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत फिरणं, मान आणि खांदे हळूहळू सगळ्या दिशांनी हलवणं, गरम पाण्याच्या पिशवीने मान शेकणं, पाणी पिणं आणि वेळेवर जेवणं, याने बऱ्याच वेळा काम भागतं. नाहीच भागलं तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर घ्यावी. पॅरासिटामॉल दिवसभरात चार ग्रॅमच्या वर कधीच जाता कामा नये. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल तर मर्यादा त्याहून बरीच कमी, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल, किंवा दिवस गेले असतील, तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. शिक्षिकेच्या बाबतीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवरून टेबलावर आला, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं ठरलं, दुपारचा डबा साडेतीनऐवजी दीडला उघडू लागला. तिच्या संध्याकाळच्या डोकेदुख्यांपैकी बऱ्याच यानेच थांबल्या. त्यांना गोळी लागलीच नाही.

मायग्रेनला मात्र चालायला लावणं म्हणजे छळ. तिथे अंधार, शांतता, झोप आणि कपाळावर किंवा मानेवर थंड पट्टी. बाहेरून करायचं ते एवढंच. बाकीचं काम औषधाचं, आणि औषधात सगळा खेळ वेळेचा आहे. झटका सुरू होताच जठर मंदावतं, हे वर आलंच. उशिरा घेतलेली गोळी तशीच पोटात पडून राहते, आतड्यात पोचत नाही, रक्तात मिसळत नाही. ‘मला कोणतीच गोळी लागू पडत नाही’ असं म्हणणाऱ्या अनेकांच्या बाबतीत गोळी बरोबर असते, घेण्याची वेळ चुकलेली असते. दुखणं अजून सौम्य आहे आणि हे मायग्रेनच आहे अशी खात्री पटली, की त्याच क्षणी पूर्ण मात्रा घ्यावी. अर्धी गोळी घेऊन अंदाज पाहत बसू नये. नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन ४०० ते ६०० मिलिग्रॅम किंवा मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, यांपैकी जे डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल ते. त्यासोबत मळमळ थांबवणारं आणि जठर हलतं ठेवणारं औषध दिलं तर वेदनाशामकही नीट शोषलं जातं. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही.

एवढ्याने दोन तासांत फरक पडत नसेल, किंवा झटका दर वेळी जोरदारच येत असेल, तर ट्रिप्टान नावाच्या गटातली औषधं आहेत. सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम आणि रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम ही आपल्याकडे मिळणारी. ही नुसती वेदनाशामकं नाहीत. मायग्रेनमध्ये चेहऱ्याच्या नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं, त्याने मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा संदेश वर जात राहतो. ट्रिप्टान ते सुटणंच आवरतं. झटक्याच्या वेळी रक्तातलं हे प्रथिन वाढतं हे १९९०च्या सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवलं. सीजीआरपीला अडवणारी नवी इंजेक्शनं त्याच शोधातून आली आणि २०२१ साली दोघांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह ब्रेन प्राइझ मिळालं. ट्रिप्टानने रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ती चालत नाहीत. चिठ्ठीशिवाय घेण्याचं हे औषध नाही. आपल्याकडे अजून खूप खपणाऱ्या अर्गोटामिनच्या जुन्या गोळ्याही रक्तवाहिन्या आकसवतात. ती गोळी घेतली असेल तर चोवीस तासांत ट्रिप्टान घ्यायचं नाही. दुकानदार दोन्ही एकत्र देऊ शकतो, म्हणून हे स्वतःला माहीत असलेलं बरं.

यात एक सापळा आहे, आणि त्यात अडकलेले रुग्ण पाहून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. वेदनाशामकं वारंवार घेतली की मेंदूची वेदना जाणण्याची यंत्रणाच हळवी होते, आणि गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखायला लागतं. मग पुन्हा गोळी. हे सुरू झालं की महिन्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त दिवस डोकेदुखीचे होतात. सकाळी डोळे उघडतानाच दुखत असतं. मूळ मायग्रेन आणि ताणाची डोकेदुखी यांतला फरकही पुसला जातो, सगळं एकाच बधिर दुखण्यात मिसळून जातं. मर्यादा अशा आहेत: साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ दिवसांच्या आत, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन, कॅफीन घातलेल्या किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० दिवसांच्या आत. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे. आठवड्याला दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. शिक्षिकेचे १३ दिवस होते, म्हणजे तिच्या प्रकारच्या गोळीची रेषा तिने ओलांडली होती. सापळ्यात ती अजून पडली नव्हती, पण उंबरठ्यावर होती.

सापळ्यातून बाहेर पडायचं तर ती गोळी थांबवावी लागते, आणि पहिल्या काही दिवसांत डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. मळमळ, बेचैनी, झोप उडणं हेही होतं. साधारण दोन ते दहा दिवसांचा तो काळ. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी पुन्हा गोळीकडे वळतो आणि ‘बंद करून पाहिलं, जमलं नाही’ असं सांगतो. कामाचा भार कमी असलेला आठवडा निवडावा, घरच्यांना सांगून ठेवावं, आणि प्रतिबंधक औषध त्याच वेळी सुरू करावं. ओपिऑइड किंवा झोपेच्या गटातली औषधं चालू असतील तर ती मात्र स्वतःहून एकदम तोडायची नाहीत.

प्रतिबंधक औषध म्हणजे दुखो वा न दुखो, रोज घ्यायचं औषध. महिन्यात चार किंवा जास्त दिवस मायग्रेनचे जात असतील तर त्याचा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही आपल्याकडची नेहमीची नावं. यांतलं कोणतं, हे माणूस पाहून ठरतं. शिक्षिकेला लहानपणापासून दमा होता, म्हणून प्रोप्रॅनोलॉल बाद, कारण त्याने श्वासनलिका आवळतात. टोपिरामेट गर्भाला अपायकारक, आणि तिचं वय पाहता तेही मागे पडलं. फ्लुनारिझिनने वजन वाढतं आणि काहींचं मन खिन्न होतं. मग अॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम, रात्री झोपण्याआधी दोन तास. हे औषध जास्त मात्रेत नैराश्यासाठी वापरतात, त्यामुळे चिठ्ठीवर नाव वाचून लोक दचकतात. डोकेदुखीसाठीची मात्रा त्याच्या तुलनेत बरीच कमी असते. त्याचा एक मोठा फायदा असा, की ते मायग्रेन आणि वारंवार होणारी ताणाची डोकेदुखी, दोन्हींवर चालतं. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते. आठ आठवडे जाईपर्यंत त्याबद्दल मत बनवू नये. गुण आला म्हणजे डोकेदुखी नाहीशी झाली असंही समजू नये. झटक्यांचे दिवस निम्म्यावर आले तर ते यश. तिच्या वहीत तिसऱ्या महिन्यात मायग्रेनचे दोन दिवस होते आणि गोळीचे तीन. एकादशी ती अजून करते, पण सकाळी फळं आणि दूध घेऊन.

मायग्रेनच्या काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, मधला भाग दिसेनासा होतो, किंवा हाताला आणि ओठांना मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून दर मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या वेगाने सरकणारी एक विद्युत लाट त्यामागे असते. अशी लाट असते हे ब्राझीलच्या आरिस्तिदेस लियांव यांनी १९४४ साली प्राण्यांच्या मेंदूवरच्या प्रयोगांत दाखवलं. लाट हळू सरकते म्हणून ऑराही हळूहळू पसरतो, पाच मिनिटांहून जास्त वेळ घेऊन, आणि तासाभरात जातो. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपानाने तो आणखी वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर हा ऑरा आपणहून सांगायला हवा, विचारलं नाही तरी.

पक्षाघात मात्र हळूहळू पसरत नाही. हातपाय एकाएकी लुळा पडतो, बोलणं अडखळतं, तोंड वाकडं होतं. तसंच मिनिटाभरात टोकाला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत मान ताठ होणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. डोक्याला मार लागल्यावर, गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर नव्याने उठलेली. खोकताना, वाकताना किंवा आडवं पडल्यावर दिवसेंदिवस वाढत जाणारी. यांतलं काहीही असलं तर वही, तीन प्रश्न, घरातली गोळी सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठायचं. एकाएकी आलेल्या दुखण्यात किंवा लुळेपणात तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायची.